पोच घ्या, मग पैसे पाठवा

शिनोलीच्या एका वडिलांनी बँकेला लिहिलेलं पत्र वाचलं. मुलीची आयर्लंडमधली फी 12,000 युरो. सोमवारी ए-2 फॉर्म, पॅन, फीपत्र सगळं दिलं, खात्यात पैसेही होते. बँकेने रुपयांचे युरो केले शुक्रवारी. दर दीड रुपयाने चढला, 18,000 रुपये जादा गेले. पत्रात आरडाओरडा नाही. मागितलंय एवढंच: अर्जाच्या पोचेची तारीख, दोन्ही दिवसांचा बँकेचा टीटी सेलिंग दर आणि उशिराचं लेखी कारण. असंच लिहावं मंडळी! मोबाइलवर दिसणारा दर इथे कामाचा नाही, बँकेचाच सोमवारचा दर हवा. कागद अपुरे असतील तर चढ आपण सोसावा. पुरे असतील तर फरक बँकेनेच भरावा. 30 दिवसांत दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करावी.