वाचता आलं नाही? मग तसंच लिहा!

शिक्षक बंधू-भगिनींनो आणि पालकहो, जुन्या दाखल-खारीज रजिस्टरमधली एखादी नोंद तुम्ही कधी उतरवून घेतली आहे का? जातीच्या दाखल्यासाठी आजोबांची नोंद शोधत आलेले पालक आपण नेहमीच बघतो. शाई पसरलेली, पान पिवळं पडलेलं. मग 'असंच असेल' म्हणून आपण शब्द पुरा करून टाकतो. माझं मत स्पष्ट आहे : हे करू नका.

एक उदाहरण घेऊ. जातीच्या रकान्यात 'को' दिसतं, पुढे डाग. आपल्या भंडारा जिल्ह्यात कोष्टीही आहेत आणि कोहळीही. आपण अंदाजाने एक लिहिलं, की पुढे उतारा वाचणाऱ्याला तो अंदाज होता हे कळतच नाही. आपला अंदाजच पुरावा होऊन बसतो.

मग काय करायचं? आधी त्याच पानावर त्याच हाताचं अक्षर पाहा. 'कोष्टी'त दोन अक्षरं, 'कोहळी'त तीन. म्हणजे डागाखाली जागा किती आहे ते बघा. जन्मतारखेतल्या १ आणि ९ चंही तेच. गुरुजींनी इतर ठिकाणी ९ कसा काढलाय, ते जुळवून बघा.

एवढं करून कल एका बाजूला झुकला, पण खात्री नसेल, तर [कोष्टी?] असं लिहा. काहीच ठरत नसेल तर को[..] लिहा, अंदाजे जितकी अक्षरं, तितके टिंब. कागदच गेला असेल तर [फाटले]. बस, तीनच खुणा. त्यांचा अर्थ वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि शेवटपर्यंत बदलू नका. आज रेघ म्हणजे 'वाचता येत नाही' आणि उद्या रेघ म्हणजे 'फाटलं', असं झालं तर खुणेला अर्थच राहत नाही. चौकोनी कंस अशासाठी, की मूळ लिहिणाऱ्याचं प्रश्नचिन्ह आणि आपलं प्रश्नचिन्ह वेगळं कळावं. प्राचीन लेख वाचणाऱ्या अभ्यासकांनीही १९३१ मध्ये लायडेन इथे अशाच समान खुणा ठरवल्या होत्या.

'घरचे सगळे कोष्टीच आहेत' ही माहिती खरी असली, तरी ती नोंदीत घुसवू नका. खाली वेगळी टीप लिहा. आणि हा आपला कामाचा उतारा आहे, शाळेचा अधिकृत दाखला नव्हे. म्हणून सोबत पानाचा स्वच्छ फोटो ठेवाच. उद्या कोणाची नजर आपल्यापेक्षा तेज निघाली, तर तो [कोष्टी?] पाहून नेमका तिथेच थांबेल.

चौथीच्या मुलांना आजोबांचं जुनं पत्र उतरवायला देऊन बघा. ज्याने [?] केलं, त्याचा गुण कापू नका. ज्याने मनाने शब्द भरला, त्याला मात्र विचारा, "बाळा, हे तू वाचलंस की ठरवलंस?"