विश्लेषण : पत्नीच्या नावावरच्या एफडीचा कर पतीला का भरावा लागतो?

१२ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर नव्या करप्रणालीत कर नाही, हे आता सगळ्यांना ठाऊक झाले आहे. त्यामुळे अनेक घरांत एक सोपा हिशेब मांडला जातो. नवऱ्याचे उत्पन्न १२ लाखांच्या काठावर आले, की शिल्लक पैसे बायकोच्या नावावर मुदत ठेवीत टाकायचे. तिला दुसरे उत्पन्न नाही, म्हणजे व्याजावर कर शून्य. हिशेब बरोबर दिसतो, पण तो आयकर कायद्यातील ‘क्लबिंग’च्या तरतुदीत अडकतो. म्हणजे व्याज पत्नीच्या खात्यात जमा झाले, तरी कायद्याच्या नजरेत ते पतीचेच उत्पन्न ठरते.

एक हिशेब मांडून पाहू

उदाहरणादाखल नवीन जालन्यात राहणारे आणि एमआयडीसीतील एका स्टील मिलमध्ये नोकरी करणारे गृहस्थ घेऊ. २०२५-२६ या आर्थिक वर्षात प्रमाणित वजावटीनंतर त्यांचे उत्पन्न ११ लाख २० हजार रुपये आहे. एवढ्या उत्पन्नावर त्यांना एक रुपयाही कर नाही. त्यांनी बचतीतले २० लाख रुपये गृहिणी असलेल्या पत्नीला दिले आणि तिने ते ७ टक्के दराने ठेवीत गुंतवले. वर्षाचे व्याज झाले १ लाख ४० हजार.

क्लबिंगमुळे हे व्याज पतीच्या उत्पन्नात मिळवले जाते आणि एकूण आकडा १२ लाख ६० हजारांवर जातो. सवलतीची मर्यादा ओलांडली की करआकारणी १२ लाखांच्या वरच्या भागापुरती राहत नाही, ती ४ लाखांपासूनच्या टप्प्यांनुसार होते. त्या हिशेबाने कर ६९ हजार येतो. मात्र मर्यादा थोडक्यात ओलांडणाऱ्यांना दिलासा म्हणून, १२ लाखांपेक्षा जेवढे उत्पन्न जास्त तेवढाच कर घेतला जातो. येथे तो ६० हजार. त्यावर ४ टक्के उपकर धरून ६२ हजार ४०० रुपये. म्हणजे १ लाख ४० हजारांच्या व्याजातील जवळपास ४५ टक्के रक्कम करात गेली. ठेव पतीच्याच नावावर असती, तरी कर एवढाच लागला असता. नाव बदलून काहीच साधले नाही.

व्याज धरूनही पतीचे एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत राहत असेल, तर क्लबिंग होऊनही कर लागत नाही. विवरणपत्रात ते दाखवावे मात्र लागते.

भेट करमुक्त, मग व्याज का नाही?

गोंधळ होतो तो इथेच. पतीने पत्नीला दिलेली भेट कितीही मोठी असली तरी करमुक्त असते. पण त्या भेटीतून मिळणारे उत्पन्न देणाऱ्याच्या खात्यात धरले जाते. पत्नीने पतीला पैसे दिले तरी नियम तोच. पैसे देताना आणि उत्पन्न मिळताना, अशा दोन्ही वेळी दोघे पती-पत्नी असायला हवेत. त्यामुळे लग्नापूर्वी दिलेली रक्कम यात येत नाही. पत्नीचा स्वतःचा पगार, तिचे स्त्रीधन किंवा तिच्या वडिलांनी तिला दिलेले पैसे यांवरचे व्याज तिचेच राहते. सासऱ्याने सुनेला दिलेल्या पैशाचे व्याज मात्र सासऱ्याच्या उत्पन्नात जाते. तेच पैसे त्याने सज्ञान मुलाला दिले, तर क्लबिंग नाही.

या नियमाविरुद्धची एक महत्त्वाची लढाई विदर्भातून गेली होती. अकोल्याच्या आयकर अधिकाऱ्याविरुद्धचा ‘बालाजी’ खटला सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये निकाली काढला. पत्नी भागीदार आणि अल्पवयीन मुलांना भागीदारीचे लाभ, अशी पेढीची रचना होती. पत्नी-मुलांचा नफा पतीच्या उत्पन्नात मिळवणे हा समानतेच्या हक्काचा भंग आहे, असा करदात्याचा दावा होता. उत्पन्न घरातच वाटून कर चुकवण्याला आळा घालणे हा तरतुदीचा हेतू असल्याचे मान्य करत न्यायालयाने ती वैध ठरवली. भागीदारीसंबंधीचा तो भाग पुढे कायद्यातून गेला, हेतू मात्र कायम आहे. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या आयकर कायद्यातही क्लबिंग ठेवले आहे.

व्याजावरचे व्याज कोणाचे?

येथे पत्नीला थोडी मोकळीक आहे. वरच्या उदाहरणात तिने पहिल्या वर्षीचे १ लाख ४० हजार पुन्हा ७ टक्क्यांनी गुंतवले, तर दुसऱ्या वर्षी त्यावर ९ हजार ८०० रुपये मिळतील. ते तिचे स्वतःचे उत्पन्न. मूळ २० लाखांचे व्याज दरवर्षी पतीकडेच धरले जाईल. अशा वेळी व्याज वेगळ्या खात्यात घेऊन त्याची वेगळी ठेव करणे सोयीचे. एकाच ठेवीत व्याज साठत गेले, की काही वर्षांनी मूळ कुठले आणि वाढ कुठली, हे दाखवताना दमछाक होते.

अल्पवयीन मुलांना ही मोकळीक नाही. आजोबांनी आठ वर्षांच्या नातीच्या नावे ५ लाख ठेवले, तर ३५ हजारांचे व्याज आजोबांकडे नाही, आई-वडिलांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त त्याच्याकडे जाते. त्या व्याजावरचे व्याजही ती १८ वर्षांची होईपर्यंत तिथेच. जुन्या प्रणालीत प्रत्येक मुलामागे १५०० रुपयांची सूट मिळते, नव्या प्रणालीत तीही नाही. मुलाने स्वतःच्या कलेवर किंवा कष्टावर कमावलेले पैसे आणि कायद्यात नमूद केलेले दिव्यांगत्व असलेल्या मुलाचे उत्पन्न यांना क्लबिंग लागू नाही. सुकन्या समृद्धी किंवा पीपीएफचे व्याज मुळातच करमुक्त असल्याने तिथे हा प्रश्न येत नाही.

चूक कुठे होते, कळते कशी?

सामान्य खातेदाराला वर्षाला ५० हजारांपेक्षा जास्त व्याज मिळाले, की बँक १० टक्के टीडीएस कापते. तो टाळण्यासाठी पत्नीकडून १५जी फॉर्म भरून घेण्याची पद्धत सर्रास होती. पण त्या फॉर्मच्या घोषणेतच लिहिलेले असते, की हे उत्पन्न क्लबिंगच्या कलमांखाली दुसऱ्या कोणाच्या उत्पन्नात धरले जाणारे नाही. बहुतेक जण ती ओळ न वाचताच सही करतात. आणि ती सही म्हणजे खोटी घोषणा ठरते.

दुसरीकडे, एका व्यक्तीच्या वर्षभरातील १० लाख किंवा त्याहून अधिक रकमेच्या ठेवींची माहिती बँक आयकर विभागाला कळवते. उत्पन्न नसलेल्या पॅनवर २० लाखांची ठेव दिसली, की ‘पैसे कुठून आले?’ हा प्रश्न येणारच. ‘पतीने दिले’ हे उत्तर खरे आणि कायदेशीर आहे, पण ते दिले की क्लबिंगही सिद्ध होते. मग न दाखवलेल्या उत्पन्नावरचा कर, व्याज आणि कराच्या ५० ते २०० टक्क्यांपर्यंत दंड अशी रक्कम वाढत जाते.

बरोबर मार्ग फारसा अवघड नाही. पतीने २०२५-२६ च्या विवरणपत्रातील ‘Schedule SPI’मध्ये पत्नीचे नाव, पॅन आणि व्याजाची रक्कम भरायची. पत्नीच्या एआयएसमध्ये त्या व्याजासमोर ‘Information relates to other PAN/Year’ हा पर्याय निवडायचा. टीडीएस तिच्या पॅनवर कापला जात असेल, तर हे उत्पन्न पतीचे आहे असे पत्र त्याच्या पॅनसह तिने बँकेला द्यायचे, म्हणजे कापलेली रक्कम थेट त्याच्या नावे जमा दिसते. हे पत्र वर्षाच्या सुरुवातीलाच द्यावे. वर्ष संपल्यावर दुरुस्तीसाठी बँकेत चकरा माराव्या लागतात.