पंधरा वर्षं भट्टीजवळ, तरी परीक्षेबाहेर
साप्ताहिक स्तंभ : मोजपट्टी

‘रजिस्टर्ड व्हॅल्युअर’ व्हायचं म्हणून जे अभियंते आणि सीए विचारणा करतात, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: परीक्षा किती अवघड आहे? परीक्षा संगणकावर होते. शंभर गुण, दोन तास, पर्यायांतून उत्तर निवडायचं. साठ गुणांना उत्तीर्ण, आणि चुकलेल्या उत्तराला त्या प्रश्नाच्या पाव गुणांची कात्री. कितीही वेळा बसता येतं. मनापासून अभ्यास करणाऱ्याला ही परीक्षा अडवत नाही. अडवतो तो तिच्याआधीचा उंबरठा, आणि तिथे अडखळलेल्यांची तक्रार मला बऱ्याच अंशी रास्त वाटते.

कायदा थोडक्यात असा. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २४७ खाली २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये नियम आले आणि नोंदणीचं काम दिवाळखोरी मंडळाकडे, म्हणजे आयबीबीआयकडे गेलं. मालमत्तेचे तीन वर्ग केले गेले: जमीन व इमारत, यंत्रसामग्री, आणि रोखे किंवा वित्तीय मालमत्ता. ज्या वर्गात नोंदणी, त्याच वर्गाचं मूल्य काढायचं. पहिला वर्ग स्थापत्य अभियंते, वास्तुविशारद आणि नगररचनाकारांचा. दुसऱ्यात मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, प्रॉडक्शन, केमिकल, टेक्स्टाइल, मेटलर्जी अशा शाखा येतात. तिसरा सीए, कॉस्ट अकाउंटंट, कंपनी सेक्रेटरी आणि फायनान्स घेऊन एमबीए केलेल्यांचा. वीस वर्षं ताळेबंद लिहिणारा नुसता बी.कॉम. अकाउंटंट या तिसऱ्या दारातून आत येत नाही. तिथे पदवीधरासाठी वाटच ठेवलेली नाही.

आता अनुभव. पदवीधर अभियंत्याला पाच वर्षं, पदव्युत्तराला तीन वर्षं, आणि सीएसारख्या संसदेच्या कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेच्या सभासदाला तीन वर्षं. आकडे सोपे आहेत. गोम आहे ती ही वर्षं कुठून मोजायची यात. नियम म्हणतो, पात्रता मिळाल्यानंतरची. सीएची आर्टिकलशिप यात धरली जात नाही. अंतिम परीक्षेचा निकाल लागला, पण सभासदत्व घ्यायला दोन वर्षं लावली, तर ती दोन वर्षंही गेली. कारण मोजणी सुरू होते सभासदत्वाच्या तारखेपासून. आणि ही सगळी वर्षं परीक्षेच्या आधी पूर्ण हवीत. ‘आधी परीक्षा देऊन ठेवतो, अनुभव होईल तेव्हा होईल’ हा हिशेब इथे चालत नाही. परीक्षाच मुळी पात्रता आणि अनुभव असलेल्या, आणि मूल्यांकनकारांच्या एखाद्या मान्यताप्राप्त संघटनेचं सभासद होऊन तिथला पन्नास तासांचा अभ्यासक्रम पुरा केलेल्या लोकांसाठी आहे.

याचा परिणाम काय होतो, ते एका उदाहरणावर पाहू. समजा कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत एक गृहस्थ आहेत. २०१० साली मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि फाउंड्रीत लागले. आधी मेंटेनन्स, मग भट्टी विभागाची जबाबदारी. नोकरी सांभाळून पार्टटाइम पदवी केली, तिचा निकाल जून २०२१ मध्ये लागला. अकरा वर्षं भट्टीजवळ काढलेल्या या माणसाचा अनुभव नियमाच्या लेखी त्या दिवशी शून्य होता. डिप्लोमा ही नियमातली पात्रता नव्हे, आणि पदवीच्या आधीचं काम मोजायचं नाही. परीक्षेला बसता येणार ते जून २०२६ नंतर. त्यांच्याच कंपनीत २०१९ साली बी.ई. होऊन थेट डिझाइन विभागात आलेला, संगणकावर ड्रॉइंग करणारा मुलगा २०२४ मध्येच पात्र झाला. नियमाला हवा असतो ‘त्या शाखेतला’ अनुभव, आणि तो त्याच्याकडे आहे. त्याने एकही यंत्र विकताना पाहिलं नसेल, पण त्याने काही अडत नाही.

बरं, या दोघांत यंत्राचं मूल्य कोण नीट काढेल? एक इंडक्शन भट्टी घेऊ. आकडे उदाहरणापुरते आहेत. तशीच नवी, आजच्या तंत्राची भट्टी ८० लाखांना मिळते. जुनीचं वय ६ वर्षं, एकूण आयुष्य १५ वर्षं, शेवटी भंगाराचे १० टक्के. सरळ रेषेच्या पद्धतीने घसारा निघतो ६ भागिले १५ गुणिले ९० टक्के, म्हणजे ३६ टक्के. मूल्य ५१ लाख २० हजार. परीक्षेत हा प्रश्न आला तर डिझाइनवाला मुलगा दीड मिनिटात उत्तर देईल आणि त्याचे गुण त्याला मिळतील. अभ्यासक्रमात ही पद्धत आहेच. शिवाय अर्थशास्त्र, हिशेबलेखन, कायदे, विम्याची तत्त्वं, व्यावसायिक नीती हेही आहे.

भट्टीवाले गृहस्थ मात्र आकडा लिहिण्याआधी वीजबिल मागतील. ही जुनी भट्टी एक टन धातू वितळवायला नव्या भट्टीपेक्षा समजा ५० युनिट जास्त खाते. वर्षाला दीड हजार टन वितळवले आणि युनिटला ९ रुपये धरले, तर वर्षाला पावणेसात लाख रुपये नुसते जादा विजेचे. उरलेली नऊ वर्षं हा भुर्दंड चालू राहणार. १२ टक्के दराने त्याचं आजचं मूल्य काढलं, तर ते ३६ लाखांच्या आसपास जातं. कर, देखभाल बाजूला ठेवली तरी ५१ लाखांची भट्टी १५ लाखांवर आली. घसाऱ्याच्या सूत्राने यंत्राचं वय पाहिलं होतं. यंत्र कालबाह्य झालंय का, हे त्याने विचारलंच नव्हतं. शिवाय ही भट्टी जागेवर चालू राहणार की उचलून न्यायची, हा प्रश्न वेगळाच. उचलायची तर पायाचं बांधकाम आणि बसवणीचा खर्च बुडीत, आणि कॉइल एकदा दुरुस्त झालेली असेल तर घेणारा आणखी घासाघीस करणार.

पुस्तकातही या कालबाह्यतेवर प्रकरण असतं, आणि हुशार मुलगा तेही पाठ करील. परंतु ‘जादा ५० युनिट’ हा आकडा प्रश्नपत्रिकेत छापून येतो. कारखान्यात तो कुणी हातात देत नाही. तो आहे अशी शंका येण्यासाठीच माणूस भट्टीजवळ उभा राहिलेला असावा लागतो.

चुकीचा आकडा कुठे जाऊन पडतो, तेही पाहा. कंपनी दिवाळखोरीत गेली की नियमानुसार दोन नोंदणीकृत मूल्यांकनकार नेमले जातात. दोघं स्वतंत्रपणे, जागेवर पाहणी करून, वाजवी मूल्य आणि विक्रीत निघणारं अवसायन मूल्य काढतात. एकाच वर्गाच्या अवसायन मूल्यात २५ टक्के किंवा त्याहून जास्त तफावत आली, तर तिसरा मूल्यांकनकार नेमता येतो, आणि मग सर्वांत जवळच्या दोन आकड्यांची सरासरी धरतात. आता समजा तिघांपैकी दोघांनी वीजबिल न पाहता सूत्र चालवलं. त्यांचे आकडे एकमेकांजवळ येणार, आणि ज्याने नीट पाहिलं त्याचा आकडा सरासरीतून बाहेर पडणार. बँकेला किती परत मिळू शकतं, हे ज्या आकड्यावरून जोखतात तो असा तयार होऊ शकतो.

म्हणून माझं म्हणणं असं की नियम चुकीच्या गोष्टीची वर्षं मोजतो. पाच वर्षांच्या अटीत एकही मूल्यांकन केलेलं असण्याची गरज नाही. सीएच्या बाबतीतही हेच. तीन वर्षं फक्त जीएसटीची विवरणपत्रं भरलेला सभासद आणि तीन वर्षं कंपन्यांच्या खरेदी-विक्रीत शेअरचं मूल्य काढलेला सभासद, दोघंही दाराशी सारखेच. आयकर खात्याकडे नोंदणी होणाऱ्या मूल्यांकनकाराचं पाहा. ही जुनी, संपत्तीकर कायद्याच्या कलम ३४एबी खालची स्वतंत्र नोंदणी आहे, आणि पुष्कळ लोक दोन्हींची गल्लत करतात. स्थावर मालमत्तेसाठी तिथे पदवीनंतर ढोबळमानाने दहा वर्षं लागतात: सल्लागार अभियंता, मूल्यांकनकार किंवा वास्तुविशारद म्हणून व्यवसाय केलेला, नाहीतर वरिष्ठ पदावरून निवृत्त झालेला माणूस. दहा वर्षं फार वाटतील. परंतु त्या नियमाने निदान कामाचं स्वरूप विचारलं होतं.

माझ्या मते आकडा पाचावरून तीनवर आणला तरी चालेल. मात्र त्यातलं एक वर्ष नोंदणीकृत मूल्यांकनकाराच्या हाताखाली, पाहणीच्या नोंदवहीसह, जावं. आर्टिकलशिपची पद्धत सीएंना नवीन नाही. आणि डिप्लोमानंतरच्या कामाची निम्मी वर्षं तरी धरावीत. यावर आक्षेप येईल की दाखले विकत मिळतील. मिळतील, आजही मिळतात. पण नोंदवहीतल्या पंचवीस मालमत्तांची नावं खोटी लिहिणं एका ओळीच्या दाखल्यापेक्षा जड जातं. एम. एस. साहू यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीने २०२० मध्ये या व्यवसायासाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा दिला होता. तो अमलात आला असता तर प्रशिक्षणाचा प्रश्न कदाचित मुळापासून हाताळला गेला असता. तूर्त २०१७ चेच नियम आहेत, आणि ज्यांना बसायचंय त्यांनी त्यांच्याच चौकटीत वागायला हवं.

तेव्हा उंबरठ्यावर असलेल्यांसाठी दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी. पदवीच्या निकालाची तारीख आणि अनुभवाच्या सुरुवातीची तारीख एका कागदावर मांडा. मधे पूर्णवेळ एम.ई. केलं असेल, तर त्या काळाला नोकरीचा अनुभव म्हणू नका. २०१६ ला बी.ई., दोन वर्षं नोकरी, २०१८ ते २०२० पूर्णवेळ एम.ई. आणि लगेच पुन्हा नोकरी, अशा माणसाची पदवीवरची पाच वर्षं आणि पदव्युत्तरवरची तीन वर्षं दोन्ही २०२३ मध्येच भरतात. म्हणजे एम.ई.मुळे त्याची एकाही दिवसाची बचत झाली नाही.

परीक्षेत उत्तरांवर पैज लावू नका. चार पर्याय धरले आणि तीस गुणांचे प्रश्न डोळे मिटून सोडवले, तर सरासरीने साडेसात मिळतात आणि साडेपाचच्या वर कापले जातात. हाती उरतात जेमतेम दोन. पन्नासाची खात्री असलेला माणूस त्या जोरावर साठावर जात नाही. दोन पर्याय नक्की खोडता येत असतील तर गोष्ट वेगळी. उत्तीर्ण झाल्यावर नोंदणीचा अर्ज तीन वर्षांच्या आत, आणि तोही संघटनेच्या शिफारशीसह, गेला पाहिजे. नाहीतर परीक्षा पुन्हा.

आणि अनुभवपत्र आत्ताच मागून घ्या, कंपनी चालू असताना आणि साहेब ओळखीचे असताना. ‘यांनी आमच्याकडे प्रामाणिकपणे काम केले’ हे वाक्य तिथे कामाचं नाही. पदनाम, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, विभाग, कोणती यंत्रं किंवा कोणती बांधकामं हाताळली, आणि सही करणाऱ्याचं पद, एवढं तरी लेटरहेडवर हवं.