चुकीचे पर्याय, नेमक्या चुका

करार कायद्याच्या धड्यावर सराव प्रश्न काढायला बसलं की बरोबर उत्तर मिनिटभरात लिहून होतं. घाम फोडतात ते उरलेले तीन पर्याय. परवाचाच प्रश्न घ्या. सतरा वर्षांचा सागर वय एकोणीस सांगून चिठ्ठीवर पन्नास हजार उसने घेतो आणि अठरा पूर्ण झाल्यावर त्याच चिठ्ठीवर ‘मान्य’ लिहितो, नवा पैसा न घेता. सावकाराला करार बजावून घेता येईल का? नाही, कारण १९०३च्या मोहोरी बीबी खटल्यापासून अज्ञानाचा करार मुळातच शून्य. आधी मी एक पर्याय ‘चिठ्ठीवर तिकीट नाही’ असा ठेवला होता. तो कुणीच निवडला नाही, म्हणजे जागा फुकट गेली. मग उत्तरपत्रिका काढून मुलं खरोखर कुठे घसरतात ते पाहिलं. कुणी धाकदपटशाच्या कराराशी गल्लत करून ‘सागरच्या मर्जीवर अवलंबून’ म्हणतं, कुणाला सज्ञान झाल्यावरची मान्यता पुरेशी वाटते, कुणी म्हणतं, खोटं वय सांगितलं, आता भोगा. झाले तीन पर्याय! फक्त ‘पैसे परत मिळतील का’ असं विचारू नका. १९६३च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ३३ नुसार मिळालेला लाभ काही प्रमाणात परत करायला लावता येतो, आणि मग हुशार पोरगी तुमच्याशी तासभर भांडते. आणि हो, बरोबर पर्यायच सगळ्यांत लांब झालाय का, तेवढं बघा.