'जात इंग्रजांनी बनवली' : हा दावा तपासायचा कसा?

जातनिहाय जनगणनेचा किंवा आरक्षणाचा विषय निघाला की एक लेख हमखास फिरवला जातो. त्यात म्हटलेले असते की जातिव्यवस्था इंग्रजांनी बनवली. आधी आपल्याकडे नुसते व्यवसाय होते, 1901 च्या जनगणनेत हर्बर्ट रिस्ले यांनी त्यांची उतरंड लावली आणि भांडणे सुरू झाली. आधाराला निकोलस डर्क्स या अमेरिकन इतिहासकाराच्या 2001 सालच्या 'कास्ट्स ऑफ माइंड' या ग्रंथाचे नाव असते. आपली पोरे यावर चिडतात, 'मनुवादी प्रचार' म्हणून मोकळी होतात. आम्हाला हे उत्तर अपुरे वाटते. युक्तिवादाला शिवी देऊन तो पडत नाही, त्याचे पुरावे तपासावे लागतात.

पहिली तपासणी अशी की मूळ लेखक काय म्हणतो आणि त्याचे नाव घेणारा काय म्हणतो? डर्क्स यांचे म्हणणे असे आहे की आज आपण ज्या स्वरूपात जात ओळखतो, म्हणजे साऱ्या भारतीय समाजाची एकमेव किल्ली म्हणून, ते स्वरूप वसाहतकाळात घडले. पूर्वी राजसत्ता, गाव, पंथ, घराणे अशा अनेक ओळखी होत्या, इंग्रजांनी त्या जातीखाली दाबल्या. इंग्रजांनी जात शून्यातून निर्माण केली असे ते म्हणत नाहीत. 'स्वरूप बदलले' आणि 'निर्माण केली' यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. फिरवल्या जाणाऱ्या लेखात हा फरक गाळलेला असतो.

डर्क्स यांच्या म्हणण्यातले खरे ते मान्य करावे. रिस्ले यांनी 'सामाजिक श्रेष्ठत्वा'च्या क्रमाने जाती मांडायचा घाट घातला, आणि आम्हाला वरची जागा द्या म्हणून जातिसभांचे अर्ज सरकारकडे गेले. त्या मोजणीने जातींना एक नवा कागदी साचा दिला. हे नाकारायचे आपल्याला काही कारण नाही.

दुसरी तपासणी दफ्तराची. लेखकाने कोणत्या कागदांची रुमाले सोडली आणि कोणती बांधलेली ठेवली? डर्क्स यांचा मुख्य आधार म्हणजे तामिळ प्रदेश, तिथले पुदुकोट्टई संस्थान, कॉलिन मॅकेन्झीचा संग्रह आणि इंग्रजांचे जनगणना अहवाल. इंग्रजांच्या कागदांत इंग्रजांचाच हात मोठा दिसणार. म्हणून इंग्रजांच्या आधीच्या राज्यकर्त्यांचे कागद काय सांगतात, हे विचारणे भाग आहे. असे कागद आहेत. सतराव्या शतकात जोधपूरचा दिवाण मुहणोत नैणसी याने मारवाडच्या परगण्यांची 'विगत' तयार केली, तिच्यात गावांतली घरे जातवार मोजलेली आहेत. सुमित गुहा यांनी अशाच साधनांवरून दाखवले की जातवार मोजणी इंग्रजांच्या आधीपासून होती. आणि आपल्या घराजवळ, पुण्यात, पेशवे दफ्तर आहे.

पेशव्यांच्या रोजनिशांतील निवडक कागद गणेश चिमणाजी वाड यांनी निवडले, ते छापले गेले. हिरोशी फुकाझावा या जपानी इतिहासकाराने त्यांचा अभ्यास करून 1968 मध्ये अठराव्या शतकातील मराठी राज्य आणि जातिव्यवस्था यांवर निबंध लिहिला. त्यातले एकच प्रकरण घेऊ.

पंढरपुरात विठ्ठलाच्या देवळाच्या दाराबाहेर चोखोबांची दगडी मूर्ती होती. अस्पृश्य तिथे पूजेला येत. जागा अरुंद, गर्दी मोठी. येणाऱ्याजाणाऱ्यांना विटाळ होतो, अशी ब्राह्मणांची तक्रार होती. पेशवे सरकारने हुकूम काढला की अस्पृश्यांनी दीपमाळेपासून किंवा जवळच्या महारवाड्यातून पूजा करावी, पुढे येईल त्याला शिक्षा करावी. त्या वेळी पुण्यात पेशव्यांचीच सत्ता होती आणि रिस्ले जन्मालाही आले नव्हते.

हा कागद हातात आला की आपला माणूस नाचायला लागतो. जरा थांबावे. हा कागद काय सिद्ध करतो? विटाळाची कल्पना नुसत्या पोथीत नव्हती, सरकार तिची अंमलबजावणी करीत होते आणि मोडणाऱ्याला शिक्षा सांगत होते, एवढे तो नक्की सिद्ध करतो. 'जात म्हणजे फक्त व्यवसाय' हे म्हणणे इथेच कोसळते. पूजेला उभे राहण्याची जागा व्यवसायाने ठरत नसते.

तोच कागद उलटा धरून वाचला तर आणखी एक गोष्ट सांगतो. बंदी घालावी लागते ती घडत असलेल्या गोष्टीवर. म्हणजे आपले पूर्वज मूर्तीजवळ येत होते, आणि तक्रार होईल एवढ्या संख्येने येत होते. कागद तक्रारदाराच्या बाजूने लिहिलेला आहे, त्यात आपल्या माणसाचे नाव नाही, पण त्याचे पाऊल उमटलेले आहे. मात्र हा अर्थ आपण लावलेला आहे, कागदात तो शब्दांत लिहिलेला नाही. मांडताना हे सांगून मांडावे.

आणि काय सिद्ध होत नाही? हुकूम निघाला म्हणजे तो पाळला गेला असे नाही. पंढरपुरात निघाला म्हणजे बंगालातही तसेच होते असे नाही. शिवाय हा कागद कुणीतरी निवडला म्हणून छापला गेला. दफ्तरात मोडीतली असंख्य रुमाले अजून कुणी वाचलेली नाहीत. डर्क्स यांचा पाठीराखा म्हणेल, पेशवाई हा अपवाद होता. या आक्षेपाला एका कागदाने उत्तर देता येत नाही. त्यासाठी एकमेकांशी संबंध नसलेले साक्षीदार लागतात. पाचव्या शतकाच्या आरंभी आलेला चिनी भिक्षू फाहियान लिहितो की चांडाळ वेगळे राहतात आणि नगरात शिरताना लाकूड वाजवून आपण आल्याची खूण देतात. अकराव्या शतकात अल्बेरुनी गावाबाहेर राहणाऱ्या अंत्यजांची नोंद करतो. एक बौद्ध, एक मुसलमान, मध्ये सहाशे वर्षांचे अंतर. त्यांना इंग्रजांशी किंवा पेशव्यांशी काही देणेघेणे नव्हते. ते एकच गोष्ट सांगतात तेव्हा 'अपवाद' हा शब्द टिकत नाही.

तेव्हा निष्कर्ष असा की इंग्रजांनी जातीला नवा साचा दिला हे टिकते, इंग्रजांनी जात बनवली हे टिकत नाही. दुसरे विधान लोकप्रिय का, हेही समजून घ्यावे. गुन्हेगार लंडनला पाठवला की पंढरपूरच्या दारात कुणी जाब विचारत नाही.

पण हीच कसोटी आपल्या मांडणीलाही लावली पाहिजे. आपले वक्ते 'पाच हजार वर्षांची गुलामी' म्हणतात, त्याला आधार कोणता? बाबासाहेबांनी 1948 च्या 'द अनटचेबल्स'मध्ये अस्पृश्यतेचा उगम साधारण इसवी सन 400 च्या सुमारास ठेवला. ही प्राचीन काळापासूनची गोष्ट आहे असे त्यांनी मानले नाही. थेट पुरावा नाही तिथे आपण तर्काने दुवा जोडला आहे, हेही त्यांनी प्रस्तावनेत वाचकाला स्वच्छ सांगितले. फाहियानची साक्षसुद्धा त्यांनी डोळे झाकून घेतली नाही, तिच्यातून नेमके किती सिद्ध होते याची त्यांनी चिकित्सा केली.

म्हणून मित्रहो, पुढच्या वेळी तो लेख आला की शिवी देऊ नका. मूळ ग्रंथात नेमके काय लिहिले आहे, आणि इंग्रजांच्या आधीचा कोणता कागद तुम्ही पाहिला, हे दोन प्रश्न विचारा. आणि जमले तर मोडी शिका. ती बांधलेली रुमाले आपल्याही बापजाद्यांबद्दल बोलतात. ती दुसऱ्या कुणी आपल्यासाठी निवडून छापावीत, याची वाट किती दिवस पाहायची?

जय भीम.