पाडवा अलीकडे, गणपती पलीकडे

२०२३ साली गणपती १९ सप्टेंबरला आले. आदल्या वर्षी ते ३१ ऑगस्टला आले होते. "अधिक महिना होता, म्हणून सण पुढे गेले," असे उत्तर घरी मिळते; वर्गातही बहुधा तेवढ्यावरच विषय संपतो. मला हे उत्तर अपुरे वाटते. कारण त्याच वर्षी गुढीपाडवा २ एप्रिलवरून २२ मार्चला, म्हणजे ११ दिवस अलीकडे आला होता!

विद्यार्थिमित्रांनो, येथे साधी वजाबाकी पुरते. एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस जातात. असे बारा महिने म्हणजे ३५४ दिवस. सौरवर्ष ३६५ दिवसांचे. म्हणून प्रत्येक सण दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो. हिजरी कालगणनेत हा फरक भरून काढत नाहीत. त्यामुळे ईद सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येते. आपल्या पंचांगात मात्र मधूनच एक महिना वाढवतात. तो ज्या सणाच्या आधी येतो, तो सण ११ दिवस मागे येण्याऐवजी ३० वजा ११, म्हणजे १९ दिवस पुढे जातो. २०२३ मध्ये अधिक श्रावण पाडव्यानंतर आणि गणपतीपूर्वी आला. कोडे सुटले.

पण श्रावणच का वाढला? "दर तीन वर्षांनी अधिक महिना" हे पाठ केलेले वाक्य येथे निरुपयोगी आहे, आणि ते खरेही नाही. २०१८ च्या मे महिन्यात अधिक ज्येष्ठ सुरू झाला आणि पुढचा अधिक आश्विन २०२० च्या सप्टेंबरातच आला. खरा नियम सूर्याचा आहे. सूर्य एका राशीतून दुसरीत जातो ती संक्रांत. सूर्याला एक रास ओलांडायला सरासरी साडेतीस दिवस लागतात, म्हणजे चांद्रमासापेक्षा थोडे जास्त. त्यामुळे कधीतरी दोन अमावास्यांच्या मध्ये एकही संक्रांत पडत नाही. तोच महिना अधिक. २०२३ मध्ये कर्कसंक्रांत १७ जुलैच्या पहाटे झाली आणि अमावास्या त्याच मध्यरात्रीच्या सुमारास संपली. पुढची अमावास्या १६ ऑगस्टला दुपारी संपली, तर सिंहसंक्रांत १७ तारखेला झाली. मधला महिना संक्रांतीविना राहिला. नागपंचमी, नारळी पौर्णिमा हे सण त्यानंतरच्या निज श्रावणात झाले.

या महिन्याला कोणी मलमास म्हणून टाळतात, कोणी जावयाला अनारसे देतात. जावयांची तक्रार नसावी! गणिताला दोन्हींशी कर्तव्य नाही.

शिक्षकांनी व्याख्या लिहून देण्यापेक्षा वर्गात पंचांगच आणावे, असे माझे मत आहे. २०२६ चा अधिक ज्येष्ठ, १७ मे ते १५ जून, त्यासाठी उत्तम आहे. त्यात १५ जूनला सकाळी अमावास्या संपते आणि मिथुनसंक्रांत दुपारी होते. ती सकाळीच, अमावास्या संपण्याआधी झाली असती, तर तो महिना अधिक ठरला असता का, हे मुलांना विचारावे.