फोन चोरीला गेल्यावर आधी सिम बंद करायचं की फोन लॉक करायचा?

समजा, दादर स्टेशनवर लोकलच्या दारात उभं राहून कुणी व्हॉट्सॲप बघतंय आणि गाडी सुटताना फोन हातातून हिसकावला जातो. अशा वेळी फोन सहसा अनलॉक असतो. आपल्यापैकी बरेच जण सगळ्यात आधी सिम बंद करायला कॉल करतात. पण इथेच क्रम चुकतो.

लॉकचा आदेश फोनपर्यंत इंटरनेटवरून पोहोचतो. रस्त्यावर फोनला इंटरनेट मिळतं ते सिमच्या डेटावरूनच. सिम आधी बंद केलं, तर आदेश पोहोचणारच नाही.

आधी लॉक

शेजारच्याचा फोन घ्या आणि त्यावर android.com/lock उघडा. इथे पासवर्ड लागत नाही, फक्त मोबाइल नंबर टाकावा लागतो. मात्र ही सोय अँड्रॉइड 10 किंवा त्यापुढच्या फोनवर चालते आणि सेटिंग्जमधलं Remote Lock आधीपासून सुरू असावं लागतं. आयफोनसाठी icloud.com/find वर जाऊन Lost Mode सुरू करा. चोराने फोन बंद केला असेल, तर तो पुन्हा ऑनलाइन येईपर्यंत आदेश थांबून राहतो. त्यामुळे एक-दोन मिनिटांत लॉक झाला नाही, तर वाट न बघता पुढचं पाऊल उचला.

मग सिम

स्क्रीन लॉक झाली तरी सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकता येतं. मग ईमेलचा 'पासवर्ड विसरलात?' हा पर्याय निवडला, की ओटीपी चोराच्या हातात. यूपीआय ॲपही नव्या फोनवर सुरू होताना त्याच सिमवरून एसएमएस पाठवतं. पैसे काढायला यूपीआय पिन लागतो हे खरं. पण डेबिट कार्डाचा फोटो चोराच्या हाती लागला असेल, तर कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदत आणि ओटीपी वापरून तो पिनही बदलता येतो. म्हणून सिम बंद केल्यावर लगेच बँकेला कॉल करून यूपीआय आणि कार्ड थांबवायला सांगा.

शेवटी अकाउंट

गुगल खात्यात Security मध्ये Your devices दिसतं. तिथून चोरलेला फोन साइन आउट करा आणि पासवर्ड बदला. हे काम लॉकच्या आधी करू नका, कारण खातं निघालं की त्या खात्यातून फोन शोधणं आणि लॉक करणंही थांबतं. आयफोनही Apple खात्यातून काढून टाकू नका. काढला तर त्याचं Activation Lock जातं आणि चोराला तो स्वतःच्या नावावर सुरू करता येतो.

अडचण अशी, की दुसऱ्या फोनवरून लॉगिन करताना गुगल पुन्हा कोड मागू शकतं. तो कोड चोरलेल्या फोनवरच जातो. डुप्लिकेट सिम मिळालं तरी पहिले 24 तास त्यावर एसएमएस येत नाहीत. यावर उपाय म्हणजे गुगलचे Backup codes. ते आजच कागदावर लिहून घरी ठेवा आणि त्याच बैठकीत Remote Lock सुरू आहे का, तेही बघून घ्या.

पैसे गेले असतील तर 1930 वर तक्रार करा. आयएमईआय ब्लॉक करण्यासाठी पोलिस तक्रारीची प्रत घेऊन 'संचार साथी'वर अर्ज करता येतो. पण त्याने फक्त तो फोन नेटवर्कवर निकामी होतो. ईमेल आणि पैसे वाचतात ते आधीच्या तीन पावलांनी.